सकाळी लावलेला शॉट

नंदुरबारकडच्या लग्नात, थंडीच्या दिवसांत, जेवणाच्या मांडवाला लागून एक यंत्र फुसफुसत उभं असतं. एक माणूस त्याच्या नळीखाली दुधाचा मग धरतो, वाफेनं दूध फसफसतं, त्यात आधीच घोटून ठेवलेली झटपट कॉफी आणि साखर पडते, वर चॉकलेटची पूड भुरभुरतात. याला आपल्याकडे एस्प्रेसो म्हणतात, काही जण एक्सप्रेसोही म्हणतात. ही पुस्तिका ज्याच्यामुळे लिहिली गेली तो मुलगा धडगावकडून माझ्या दुकानात कामाला आला तेव्हा मी त्याला विचारलं होतं, ‘एस्प्रेसो प्यायला आहेस का कधी?’ तो म्हणाला, ‘हो ताई, मामाच्या लग्नात दोन कप.’

त्याचं चुकलं नव्हतं. आपल्या भागात त्या शब्दाचा अर्थ तोच आहे. म्हणून पहिल्या दिवशी मी त्याला यंत्राला हात लावू दिला नाही. दोन घोट जाड काळी कॉफी दिली. त्यानं तोंड वाकडं केलं, पाणी प्यायला आणि म्हणाला, ‘हे लोक पैसे देऊन पितात?’ शिकवण्याची सुरुवात इथून करावी लागते, आणि ही पुस्तिकाही तिथूनच सुरू होते.

मांडवातल्या त्या यंत्रातली वाफ फक्त दूध तापवते. आमच्या यंत्रात बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट दाबलेल्या चकतीतून गरम पाणी जोरानं ढकललं जातं. तूरिनच्या आंजेलो मोरिओंदोनं १८८४ साली वाफेच्या जोरावर कॉफी काढणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, तरी आज आपण ओळखतो तो दाट, सायीसारखा थर असलेला घोट दुसऱ्या महायुद्धानंतर गाजियाच्या दांडीच्या यंत्रांतून आला. १९६१ साली फाएमाच्या ई-६१ यंत्रानं दांडीच्या जागी पंप बसवला. पंपाचा दाब साधारण नऊ बार, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाच्या नऊपट. इतक्या दाबाखाली पाणी पंचवीस-तीस सेकंदांत कॉफीतून बाहेर पडतं. चहा पातळ वाटला तर आपण आणखी एक उकळी देतो. इथे तशी सवलत नाही. त्या तीस सेकंदांत जे उतरलं ते उतरलं.

आता कामाचं. या पुस्तिकेत दुधाचा फेस कसा करायचा, त्यावर पान कसं काढायचं, यंत्र कसं धुवायचं यांतलं काहीही नाही. एकच गोष्ट आहे: सकाळी दुकान उघडण्याआधी शॉट कसा लावायचा, आणि लावलेला शॉट रात्री शटर ओढेपर्यंत ताळ्यावर आहे की नाही हे कसं बघत राहायचं. शहरातली मुलं याला ‘डायल-इन’ म्हणतात. आम्ही ‘लावणं’ म्हणतो, तंबोरा लावतात तसं. शब्द कुठलाही वापरा, काम तेच.

यात खरी मेख आहे ती ग्राइंडरची. यंत्र महाग असतं, चकाकतं, गिऱ्हाईक त्याचे फोटो काढतं. पण चव ठरते ती शेजारी उभ्या असलेल्या काळ्या डब्यात. दळण बारीक केलं की पाण्याला वाट अवघड होते, कॉफी हळू उतरते आणि जास्त अर्क घेऊन येते. जाड केलं की पाणी सुसाट निघून जातं. हे समजावताना मी खूप शब्द खर्च केले, मग एक दिवस सुचलं की हा मुलगा गिरणीत दळण घेऊन जाणाऱ्या घरातला आहे. त्याला विचारलं, ‘तुमच्या आधी कुणी बाजरी दळली असेल तर तुमच्या गव्हाच्या पिठाचं काय होतं?’ तो लगेच म्हणाला, ‘पहिलं पीठ काळपट येतं. आई ते वेगळं काढायला लावते.’ ‘आणि डबा घरी आणताना हाताला कसा लागतो?’ ‘गरम.’

झालं. ग्राइंडरबद्दल जे शिकायचं त्यातलं निम्मं त्याला आधीपासून येत होतं. ग्राइंडरच्या पात्यांमध्ये आणि नळीत मागच्या दळणाची पूड अडकून राहते. आमच्या ग्राइंडरमध्ये ती साधारण पाच-सहा ग्रॅम असते. ग्राइंडरचा काटा हलवला तरी पुढच्या शॉटमध्ये आधीची पूड मिसळून येते, म्हणजे गव्हात बाजरी. तेव्हा काटा हलवल्यावर पहिली सहा ग्रॅम दळून टाकून द्यायची आणि मगच मोजायला लागायचं. आणि गर्दीच्या तासात पाती तापतात, त्यामुळे दळण बदलतं. किती आणि कुठल्या बाजूला, हे पुढे येईल.

मोजायचं काय? तीनच आकडे. सुकी पूड किती ग्रॅम घातली, कपात किती ग्रॅम उतरलं, आणि पंप सुरू झाल्यापासून त्याला किती सेकंद लागले. आमच्या बास्केटला १८ ग्रॅम पूड बसते. ३६ ग्रॅम कॉफी उतरवायची. वेळ २५ ते ३० सेकंदांच्या आत हवा. हे आकडे देवानं सांगितलेले नाहीत. एकास दोन हे प्रमाण जगभर सुरुवातीला धरतात कारण ते बहुतेक कॉफीला जवळपास चालतं. तिथून पुढे जीभ नेईल तिकडे जायचं. पण सुरुवात कुठून तरी करावीच लागते, आणि रोज त्याच जागेहून केली तर आज काय बिघडलं ते कळतं.

पूड आणि कॉफी दोन्ही काट्यावर वजन करून घ्यायची. कपावरच्या रेघेवर भरवसा ठेवायचा नाही. ताज्या भाजलेल्या कॉफीत कार्बन डायऑक्साइड वायू भरलेला असतो, तो फेस होऊन वर येतो आणि कप भरल्यासारखा दिसतो. फेस बसला की खाली निम्मंच असतं. डोळे फसतात, काटा फसत नाही. एक दशांश ग्रॅम दाखवणारा साधा काटा पुरतो.

तीन आकडे हाताळताना सवय एकच लावायची: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. १८ ग्रॅम आणि ३६ ग्रॅम बांधून ठेवायचे, फक्त दळण हलवायचं. नवा मुलगा घाबरला की शॉट पळतोय म्हणून दळण बारीक करतो, त्याच वेळी पूडही एक ग्रॅम वाढवतो आणि दाबतोही जोरात. पुढचा शॉट बरा आला तर कशानं बरा आला ते त्याला कळत नाही. वाईट आला तर परत कुठे जायचं तेही कळत नाही.

चवीकडे येऊ, कारण इथेच बहुतेक शिकवणारे हार मानतात. नव्या माणसाला आंबट आणि कडू यांतला फरक कॉफीत सांगता येत नाही. दोन्ही जिभेला झोंबतात, दोन्ही नकोसे वाटतात, म्हणून तो दोन्हींना ‘कडू’ म्हणतो. आणि इथे गफलत झाली की सगळंच उलटं होतं. आंबट शॉट म्हणजे पाण्यानं पुरेसं काढलं नाही, दळण बारीक करा. कडू शॉट म्हणजे जास्त ओरबाडलं, दळण जाड करा. आंबटाला कडू समजलात तर तुम्ही दळण आणखी जाड कराल आणि पुढचा शॉट आणखी आंबट येईल.

मी त्याच्यासमोर तीन पेले ठेवले. एकात पाण्यात ढवळलेला आमचूर, दुसऱ्यात रात्रभर मेथीदाणे भिजवलेलं पाणी, तिसऱ्यात हिरड्याची चिमूटभर पूड घातलेलं पाणी. आमचूर त्याला सांगावा लागला नाही; सातपुड्यात कैऱ्या सोलून, चिरून, वाळवून आमचूर करतात, उन्हाळ्यात त्याच्या घरासमोर खाटेवर त्याच फोडी वाळत असतात. आमचूर जिभेच्या कडांना आणि गालाच्या आत लागतो, तोंडाला पाणी सुटतं. मेथी मागे, घशाजवळ रेंगाळते. हिरडा या दोन्हींसारखा नाही, तो जीभ कोरडी करतो, टाळूला चिकटल्यासारखा वाटतो. याला आपल्याकडे तुरट हा स्वतंत्र शब्द आहे आणि लहानपणापासून सहा रसांत तो मोजलेला असतो, त्यामुळे मराठी मुलाला तो शिकवणं सोपं जातं. कच्चं केळं, जांभूळ, सुपारी हे सगळं त्याच्या जिभेला ठाऊक आहे.

तुरटपणाला मी वेगळं महत्त्व देते, कारण आमच्या कामात तो दळणाची चूक फारसा दाखवत नाही, हाताची चूक दाखवतो. पूड बास्केटमध्ये एकसारखी पसरली नाही किंवा टॅम्पर तिरका दाबला तर चकतीत एखादी फट राहते. पाणी ओढ्यासारखं सगळं त्या फटीतून धावतं. फटीच्या काठची पूड करपवून काढल्यासारखी होते, बाकीची जवळजवळ कोरडीच राहते. अशा शॉटमध्ये आंबट आणि तुरट एकदम लागतं. वेळ कधी कधी अगदी बरोबर, २७ सेकंद! घड्याळाकडेच बघणारा फसतो. खालून उघड्या पोर्टाफिल्टरनं बघितलं तर एका बाजूनं पिचकारी उडताना किंवा एक धार आधीच पिवळी पडताना दिसते.

यातून आमच्या दुकानातला एक नियम तयार झाला. तो या पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आहे आणि मला विचाराल तर पुस्तिका त्याच्यासाठीच आहे: दोन शॉट सारखे आल्याशिवाय ग्राइंडरच्या काट्याला हात लावायचा नाही. सारखे म्हणजे त्याच दळणावर, त्याच वजनाला, दोन-तीन सेकंदांच्या फरकानं. पहिला २१ सेकंदांचा आणि दुसरा २८चा आला तर ग्राइंडरचा काही दोष नाही. तुमचा हात एकसारखा पडत नाही. आधी पूड पसरवणं आणि दाबणं नीट करा. हात डळमळीत असताना काटा हलवणं म्हणजे हलत्या नावेत बसून वजन करणं.

आता एक सकाळ पूर्ण सांगते, कारण नियम कितीही सांगितले तरी चूक नेमकी कुठे होते ते एका खऱ्या सकाळीच दिसतं. एप्रिलचा दुसरा आठवडा होता. चिकमगळूरची अरेबिका, थोडी रोबस्टा मिसळलेली, भाजून पंधरा दिवस झालेली. यंत्र साडेसहाला लावलं, दुकान आठला उघडतं. यंत्राचा काटा पंधरा मिनिटांत ‘तयार’ दाखवतो, पण ते पाण्यापुरतं. पितळेचा ग्रूप आणि पोर्टाफिल्टर आतपर्यंत तापायला अर्धा तास लागतो. थंड धातूतून काढलेला शॉट आंबट येतो आणि मुलगा बिचारा त्याचा राग दळणावर काढतो. म्हणून सात वाजेपर्यंत हात बांधून बसायचं. पोर्टाफिल्टर यंत्रालाच अडकवून ठेवायचा.

सात वाजता त्यानं आदल्या रात्रीचं दळण, चौदा, तसंच ठेवून रात्रीची उरलेली पूड काढून टाकली आणि पहिला शॉट ओढला. १९ सेकंद. रंग फिका, चव आमचुराच्या पाण्यासारखी, अंगात काही नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी काही बोलले नाही. त्यानं त्याच दळणावर दुसरा ओढला. २० सेकंद. दोन शॉट जुळले, म्हणजे हात ठीक आहे आणि दळणच जाड आहे. रात्रीतून कॉफीतला वायू आणखी थोडा कमी झाला होता, पाण्याला विरोध घटला होता. जुनी होत जाणारी कॉफी रोज थोडी बारीक मागते, ती हीच गोष्ट.

त्यानं काटा चौदावरून बारावर आणला. आमच्या ग्राइंडरवर आकडा कमी म्हणजे दळण बारीक. आणि इथे तो अडकलेली पूड काढायला विसरला. तिसरा शॉट आला २२ सेकंदांचा. त्याला वाटलं दोन घरं हलवूनही दोनच सेकंद वाढले. मग सरळ दहावर न्यायला निघाला. मी हात धरला. ‘बाजरी काढलीस का?’ तो हसला. काटा बारावरच ठेवून त्यानं पुन्हा शॉट ओढला आणि आता २७ सेकंद आले. तिसऱ्या शॉटमधली तिसरा हिस्सा पूड चौदाचीच होती.

दहावर गेला असता तर काय झालं असतं ते मी आधी अनेकदा बघितलं आहे, स्वतःच्या हातूनही. पुढचा शॉट ३५-३६ सेकंदांचा, कडू. घाबरून काटा परत तेरावर, पुन्हा पूड न काढता, म्हणून शॉट अजूनही कडू. मग पंधरावर. मग पळालेला शॉट. असा लंबकासारखा तासभर इकडून तिकडे. दुकान उघडतं, समोर कॉलेजची मुलं उभी असतात आणि शॉट अजून लागलेला नसतो. नव्या बरिस्ताच्या बहुतेक वाईट सकाळी या एका विसरण्यातून निघतात.

२७ सेकंदांचा शॉट आम्ही दोघांनी प्यायला. आंबटपणा होता, पण आता त्याच्यामागे गोडी होती, थोडी गुळासारखी. त्याला वाटलं, आणखी थोडं बारीक केलं तर गोडी वाढेल. मी म्हटलं, बघ. साडेअकरावर आणलं, या वेळी सहा ग्रॅम काढून टाकली, २९ सेकंद आले. शेवटी मेथी जाणवली, तोंडात राहिली. त्यानं स्वतःच काटा बारावर परत नेला. पाच शॉट गेले, म्हणजे ९० ग्रॅम कॉफी, किलोला हजार रुपये धरले तर ९० रुपये. तिसऱ्याच्या आधी सहा ग्रॅम फेकली असती तर तो १८ ग्रॅमचा शॉट वाचला असता. मालक म्हणून मला हिशेब महत्त्वाचा, पण शिकवणारी म्हणून मी तो शॉट वाया गेला असं मानत नाही. त्यानंतर पूड काढायला तो कधी विसरला नाही.

हे झालं सकाळचं. बरेच जण इथेच थांबतात. सकाळी लावलं, वहीत लिहिलं, आता दिवसभर तेच. नंदुरबारमध्ये असं करून चालत नाही. इथे एप्रिल-मे महिन्यांत सकाळी सातची हवा आणि दुपारी तीनची हवा ही दोन वेगवेगळ्या गावांची वाटते. पारा चाळिशी ओलांडतो. हॉपरमध्ये सकाळी भरलेल्या बिया दुपारपर्यंत उबदार होतात आणि त्यांचा वास उडून जातो. आम्ही हॉपरमध्ये एका वेळी पाव किलोपेक्षा जास्त भरत नाही, बाकीची पिशवी तोंड बांधून आतल्या खोलीत ठेवतो. फ्रिजमध्ये ठेवू नका. पिशवी बाहेर काढून उघडली की बियांवर पाणी धरतं.

पण ऊन हे एकच कारण नाही आणि मी सगळा दोष त्याच्या माथी मारणार नाही. दिवसभरात शॉट सरकतो तो मुख्यतः चार प्रसंगी. गर्दीनंतर, कारण पाती तापलेली असतात. लांब रिकाम्या वेळानंतर, कारण नळीतली पूड शिळी झालेली असते. नवी पिशवी उघडल्यावर. आणि वीज जाऊन आल्यावर. म्हणून पुन्हा तपासायची वेळ घड्याळावर बांधू नका, या प्रसंगांवर बांधा. आम्हीही आधी दर दोन तासांनी तपासायचो. नवी पिशवी तीन वाजता उघडायची आणि तपासणी चारला व्हायची. मधला एक तास लोकांनी काय प्यायलं ते देव जाणे.

त्याच दिवशी पुढे काय झालं ते बघा. दुपारी दीड ते अडीच कोणी फिरकलं नाही. अडीचला एक कॅपुचिनो आली, शॉट २२ सेकंदांचा. त्यानं काट्याकडे हात नेला आणि स्वतःच थांबला. सहा ग्रॅम काढून टाकली, दुसरा ओढला: २६. म्हणजे दळण होतं तिथेच होतं. तासभर नळीत पडलेली पूड वायू गमावून बसली होती, तीच पळाली. काट्याला हात लावला असता तर पुढचा शॉट उगाच ३२वर गेला असता.

संध्याकाळी साडेपाच-सहाला बाजार उघडला, तासाभरात वीसेक कप गेले. शॉट हळूहळू मंदावले: ३०, मग ३२, मग ३३. दोन जुळले, चवीत मेथी आली, म्हणून काटा अर्धं घर जाड केला. इथे एक खरी अडचण सांगते. पाती तापली की धातू किंचित फुगतो, पात्यांमधली फट अरुंद होते, दळण बारीक होतं. आमच्या ग्राइंडरवर असंच दिसतं. पण गरम बियांचं स्वतःचं वागणं उलटं असतं. २०१६ साली ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात बिया थंड करून दळल्या तर पूड अधिक बारीक आणि एकसारखी येते असं आढळलं. म्हणजे बिया तापल्या तर दळण जाड होण्याकडे झुकतं. दोन्ही परिणाम एकाच वेळी चालू असतात आणि कुठला जिंकेल ते ग्राइंडरवर ठरतं. तेव्हा ‘गर्दीनंतर अर्धं घर जाड’ असा ठोकळ नियम या पुस्तिकेत मुद्दाम दिलेला नाही. शॉट ओढा, मोजा, प्या.

सात वाजता जुनी पिशवी संपली. नवी भाजून सहा दिवस झालेली होती. तीच कॉफी, तोच भाजणारा, पण शॉट ३४ सेकंदांवर गेला आणि फेस कपाच्या काठापर्यंत. ताज्या कॉफीतला वायू पाण्याला अडवतो. इथे हळूहळू सरकणं नाही, एकदम उडी असते, आणि इथे सकाळसारखं पुन्हा पहिल्यापासून लावायचं. हॉपरमध्ये जुनं-नवं मिसळू देऊ नका; मिसळलं की अर्धा तास शॉट कुठेच ठरत नाही.

विजेचं थोडं सांगते, कारण शहरांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत ते नसतं. वीज गेली तर ग्राइंडर आणि यंत्र दोन्ही बंद. तीन-चार किलोवॉटचं यंत्र साध्या इन्व्हर्टरवर चालत नाही. वीस मिनिटांनी वीज आली की यंत्र लवकरच ‘तयार’ दाखवतं, पण ग्रूप गार झालेला असतो. सकाळसारखंच थांबा, दोन वेळा नुसतं पाणी सोडा. याहून फसवं म्हणजे कमी दाबाची वीज. तापवणाऱ्या कॉइलची ताकद दाबाच्या वर्गानं घटते: २३० व्होल्टऐवजी १९० आले तर उष्णता जवळजवळ एक तृतीयांश कमी होते. एक-दोन शॉट ठीक येतात, लागोपाठ चार ओढले की पाणी गार पडत जातं. याची खूण लक्षात ठेवा: सेकंद बरोबर, वजन बरोबर, हात बरोबर, तरी चव आमचुरासारखी. तेव्हा दळण बारीक करू नका. दोन शॉटमध्ये अंतर ठेवा.

पाण्याबद्दल पुस्तिकेत अर्धं पान आहे. बोअरच्या जड पाण्यानं बॉयलरमध्ये क्षार साचतात आणि कॉफी बोथट लागते. आरओच्या अगदी रिकाम्या पाण्यानं ती पोकळ आणि धारदार लागते. आम्ही दोन्ही मिसळतो. तुमच्या गावाचं पाणी वेगळं, तेव्हा मिश्रण तुम्हालाच ठरवावं लागेल, आणि एकदा ठरवलं की शॉट लावताना त्याला हात लावायचा नाही.

एक आक्षेप मला गिऱ्हाइकांनी नाही, नातेवाइकांनी घेतला. नंदुरबारमध्ये लोक कोल्ड कॉफी मागतात, वर दोन चमचे साखर, आइस्क्रीमचा गोळा. तुझे ते दोन सेकंद कोणाला कळणार? खरं आहे, दोन सेकंद कोणाला कळत नाहीत. दूध-साखरेच्या मोठ्या ग्लासात २६ आणि २८ यांतला फरक मलाही सांगता येणार नाही, आणि अर्ध्या सेकंदासाठी दहा शॉट ओतणाऱ्या मोठ्या शहरांतल्या मंडळींचं मला थोडं हसूच येतं. पण १८ सेकंदांचा शॉट त्याच ग्लासात घाला, गिऱ्हाईक ‘आज पाणचट आहे’ म्हणतं. ४० सेकंदांचा घाला, ते आणखी एक चमचा साखर मागतं. त्याला कारण माहीत नसतं, पण ते परत येत नाही. म्हणून आमची मोकळीक तीन सेकंदांची. काळी कॉफी मागणारा एखादाच असतो. तो आला की ताजा शॉट आधी स्वतः पिऊन मग त्याचा ओढायचा.

हॉपरमधल्या बिया दूरच्या आहेत असं आपल्याला वाटतं, बाबाबुदनच्या डोंगरांतल्या. पण हाच सातपुडा पूर्वेला पसरत जाऊन अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला पोचतो आणि तिथे कॉफी पिकते. मुलाला हे सांगितलं तेव्हा त्याला आमच्या डोंगरातही होईल का असा प्रश्न पडला. उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुस्तिकेचा उरलेला भाग म्हणजे आमची वही आहे, थोडी नीट मांडलेली. रोजच्या ओळीत सहा रकाने: वेळ, पूड, उतरलेली कॉफी, सेकंद, चव एका शब्दात, आणि काय बदललं. चवीच्या रकान्यात ‘चांगली’ हा शब्द लिहायला मनाई आहे; आमचूर, मेथी, हिरडा, गूळ, पाणचट, काहीही लिहा, पण ‘चांगली’ नाही, कारण महिन्याभरानं तो वाचून काही कळत नाही. मुलानं एके दिवशी ‘महू’ असं लिहिलं आहे. मोहाच्या सुकलेल्या फुलांचा वास. नवी पिशवी, सहावा दिवस, २८ सेकंद. मला तो वास आला नव्हता. दुसऱ्या दिवशी आला.

इथे दिलेले बारा, साडेअकरा हे आकडे आमच्या ग्राइंडरचे आहेत, ते तुमच्या काट्यावर लावू नका. शेवटची सोळा पानं रकाने आखून कोरी सोडली आहेत. उद्या सकाळी पहिल्या शॉटपासून लिहायला घ्या, आणि ओढून फेकलेले शॉटही लिहा.